दुसऱ्या थराला काय ठाऊक? : प्रकाशाचे शोषण आणि ब्रेटनच्या किनाऱ्यावरचा चंद्र

आजच्या व्याख्यानाचा विषय भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात संपतो. प्रकाश एखाद्या माध्यमातून जातो, जाता जाता क्षीण होतो, आणि किती क्षीण होतो ते I = I₀ e^(−μx) या सूत्राने कळते. यातला x म्हणजे माध्यमाची जाडी आणि μ म्हणजे त्या माध्यमाचा शोषण गुणांक. बाहेर आलेल्या प्रकाशाची तीव्रता मोजायची आणि त्यावरून हा μ काढायचा, एवढेच काम. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण या अर्ध्या पानाने मला फार वर्षं गुंतवून ठेवलं आहे, कारण हे सूत्र आधी मोजमापातून आलेलं नाही. ते आधी एका युक्तिवादातून आलं आणि मोजमाप नंतर आलं. आणि मोजमाप चुकतं तेव्हा बहुतेक वेळा त्या युक्तिवादातलंच कुठलं तरी गृहीतक मोडलेलं असतं.

सुरुवात १७०० सालापासून करू. त्या वर्षी फ्रान्समध्ये फ्रांस्वा-मारी नावाच्या एका कॅपुचिन साधूंनी प्रकाश मोजण्यावर एक पुस्तक लिहिलं. कल्पना साधी होती. प्रकाशासमोर काचेचे तुकडे एकामागे एक ठेवत जायचं, आणि किती तुकड्यांनंतर प्रकाश दिसेनासा होतो ते मोजायचं. दहा काचांनी विझणारा प्रकाश पाच काचांनी विझणाऱ्या प्रकाशाच्या दुप्पट. ऐकायला पटतं की नाही? त्यांनी धरून चालले होते की प्रत्येक काच सारखाच प्रकाश खाते. गणिताच्या भाषेत, प्रकाश अंकगणिती श्रेढीने कमी होतो.

यातली खोच पिएर बुगे यांनी दाखवली. बुगे १६९८ साली फ्रान्सच्या ब्रेटन किनाऱ्यावर ल क्रोझिक नावाच्या बंदराच्या गावी जन्मले. वडील तिथे नौकानयनाच्या विद्येचे, म्हणजे हायड्रोग्राफीचे, प्राध्यापक होते. ते वारले तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता, आणि त्याच वयात त्याला वडिलांची जागा मिळाली. (आमच्या काळी तिशी उलटली तरी जागा मिळत नसे, ते सोडा.) १७२९ साली त्यांनी प्रकाशाच्या चढ-उतारावर एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. आपला नियम त्यात आहे.

बुगे यांचा युक्तिवाद असा. माध्यमाचे मनाने सारख्या जाडीचे पातळ थर पाडा. पहिल्या थरावर शंभर भाग प्रकाश पडला आणि त्याने दहा अडवले, तर दुसऱ्या थरावर नव्वद पडतात. आता हा दुसरा थर दहा अडवेल की नऊ? त्याच्या आधी एक थर होता हे त्याला ठाऊक नाही. त्याला फक्त त्याच्यावर पडलेला प्रकाश ठाऊक. तो पहिल्यासारखाच थर आहे, म्हणून तोही आपल्यावर पडलेल्याचा दहावा हिस्सा अडवणार, म्हणजे नऊ. पुढचा आठ पूर्णांक एक. कमी होते ती ठरावीक रक्कम नाही, ठरावीक हिस्सा. म्हणजे भूमिती श्रेढी. ज्यांनी हिशेब ठेवले आहेत त्यांना हे घसाऱ्याच्या उदाहरणाने पटकन कळेल. यंत्राची किंमत दरवर्षी मूळ किमतीच्या दहा टक्क्यांनी उतरवली तर दहा वर्षांत ती शून्य होते. दरवर्षी शिल्लक किमतीच्या दहा टक्क्यांनी उतरवली तर ती कधीच शून्य होत नाही. कॅपुचिन साधू पहिल्या पद्धतीने घसारा काढत होते, निसर्ग दुसऱ्या पद्धतीने काढतो.

या युक्तिवादात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, आणि त्या लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, सगळे थर सारखे आहेत. दोन, दुसऱ्या थरावर पडणारा प्रकाश पहिल्यावर पडलेल्या प्रकाशासारखाच आहे, फक्त कमी आहे. प्रमाण बदललं, जात बदललेली नाही.

आता मोजमापाकडे येऊ. बुगे यांना हा प्रश्न सुचला तो मेरां नावाच्या शास्त्रज्ञामुळे. मेरां यांना १७२१च्या सुमारास उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं ऊन यांची तुलना करायची होती. सूर्य हिवाळ्यात खाली असतो, त्याचा प्रकाश हवेतून तिरपा, लांबचा रस्ता कापून येतो. त्यात किती वाया जातो, हे माहीत नव्हतं. बुगे यांनी सूर्याऐवजी चंद्र घेतला, कारण सूर्य मेणबत्तीशी तोलायला फार प्रखर. २३ नोव्हेंबर १७२५ रोजी त्यांनी चंद्राचा प्रकाश त्याच्या दोन उंचींवर मोजला : क्षितिजापासून १९ अंश १६ मिनिटं आणि ६६ अंश ११ मिनिटं. हे आकडे सहज आलेले नाहीत. क्रोझिकच्या अक्षांशावर हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ याच उंचींवर असतो. चंद्राला त्यांनी सूर्याच्या जागी उभं केलं होतं.

मोजायचं कशाने? फोटोसेल नव्हता, फोटोग्राफीही नव्हती. होता तो डोळा. आणि बुगे यांना डोळ्याची मर्यादा बरोबर कळली होती. हा प्रकाश त्याच्या दीडपट आहे असं डोळा सांगू शकत नाही. पण दोन शेजारशेजारचे पृष्ठभाग सारखे उजळलेत का, हे तो चांगलं सांगतो. म्हणून त्यांनी एका पृष्ठभागावर चंद्राचा प्रकाश घेतला, शेजारच्यावर चार मेणबत्त्यांचा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत मेणबत्त्यांचं अंतर बदललं. चंद्र खाली होता तेव्हा मेणबत्त्या ५० फुटांवर ठेवाव्या लागल्या, वर होता तेव्हा ४१ फुटांवर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणून वरच्या आणि खालच्या चंद्राच्या प्रकाशाचं गुणोत्तर झालं ५० चा वर्ग भागिले ४१ चा वर्ग, म्हणजे २५०० भागिले १६८१, साधारण १.४९. फूट फ्रेंच होते की इंग्रज, मेणबत्त्या किती जाड होत्या, याने काहीही फरक पडत नाही. गुणोत्तरात ते सगळं कटतं.

आता हवेच्या जाडीचा हिशेब. डोक्यावर सरळ वर जेवढी हवा आहे तिला एक माप म्हणू. तिरप्या रस्त्यावर किती मापं हवा लागते, हे उंचीच्या कोनाच्या साइनने एकाला भागून मिळतं. ६६ अंश ११ मिनिटांना १.०९ मापं, १९ अंश १६ मिनिटांना ३.०३ मापं. फरक १.९४. म्हणजे खालच्या चंद्राचा प्रकाश १.९४ मापं जास्त हवेतून आला आणि त्यामुळे १.४९ पटीने क्षीण झाला. १.४९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.३९७. त्याला १.९४ ने भागा : ०.२०५. हा झाला दर माप हवेमागचा शोषण गुणांक. एक पूर्ण माप हवेतून e^(−0.205), म्हणजे ०.८१ हिस्सा प्रकाश पार होतो. हा हिशेब मी आजच्या पद्धतीने मांडला. बुगे यांचं उत्तरही ०.८१ च्याच घरातलं आहे.

इथे थोडं थांबू या, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. सूत्रात I₀ आहे, म्हणजे हवेत शिरण्यापूर्वीचा प्रकाश. तो मोजायला बुगे वातावरणाच्या बाहेर जाऊ शकत नव्हते. पण त्यांना तो लागलाच नाही. तोच चंद्र दोन जाडींतून पाहिला आणि एकाला दुसऱ्याने भागलं, की I₀ वर आणि खाली दोन्हीकडे असल्यामुळे कटून जातो. उरतो फक्त जाडीतला फरक आणि तीव्रतेचं गुणोत्तर. आणि एकदा गुणांक हाती आला की उलट जाता येतं : वरच्या चंद्राचा प्रकाश १.२५ ने गुणा, हवेच्या बाहेरचा चंद्रप्रकाश मिळाला. क्रोझिकच्या जमिनीवर उभं राहून, मेणबत्त्या पुढेमागे सरकवून. जी गोष्ट गाठता येत नाही ती हिशेबातून अशा रीतीने काढून टाकायची की तिची गरजच राहणार नाही. ज्ञानमीमांसा शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देत असे.

अर्थात हे दोनच बिंदू आहेत, आणि दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते. नियम खरा आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. नियम खरा मानला तर गुणांक किती, एवढंच कळतं. शिवाय मधल्या काही तासांत चंद्र स्वतः तितकाच प्रखर राहिला आणि हवाही तशीच राहिली, असं धरावं लागतं. दोन्ही गोष्टी पूर्ण खऱ्या नसतात. चंद्राची कला सतत बदलते आणि त्याबरोबर त्याचा प्रकाशही. आणि क्षितिजाच्या अगदी जवळ साइनचा हिशेबही चालत नाही, कारण पृथ्वी सपाट नाही. तिथे तो हवेची जाडी अनंत सांगतो, प्रत्यक्षात ती साधारण ३८ मापं असते.

दोनाहून जास्त बिंदू घेतले की काय दिसतं, यासाठी माझीच एक फजिती सांगतो. तत्त्वज्ञानाकडे वळण्यापूर्वी मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो. प्रयोगशाळेत मोरचुदाचं निळं द्रावण होतं, काचेच्या सपाट पेट्यांत भरलेलं, १ ते ५ सेंटिमीटर जाडीच्या पाच पेट्या. दिव्यापुढे लाल काच, पलीकडे फोटोसेल आणि गॅल्व्हानोमीटर. लाल काच अशासाठी की मोरचूद लाल प्रकाशच खातं. पेटी नसताना काटा १०० वर आणला. मग एकेक पेटी मध्ये ठेवली. काटा अनुक्रमे ६७, ५०, ३७, २७ आणि २० वर थांबला.

मी काय केलं? सूत्र पाठ होतं. I₀ म्हणजे १००. प्रत्येक वाचनावरून μ काढला. १ सेंटिमीटरला १०० भागिले ६७, त्याचा लॉगॅरिदम, ०.४०. २ सेंटिमीटरला ०.३५. मग ०.३३, ०.३३, ०.३२. पाचांची सरासरी काढली, ०.३५ लिहिलं आणि वही दिली. सर काही बोलले नाहीत. त्यांनी पाचही उत्तरांखाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "हे उतरतायत का?"

मला दोन दिवस काही कळलं नाही. माध्यम एकच, रंग एकच, तर गुणांक जाडीबरोबर उतरत का जावा? वाचनांतली चूक असती तर उत्तरं वरखाली झाली असती. ती एकाच दिशेने चालली होती. सगळी एकाच दिशेने चालणारी चूक ही हाताची नसते, हिशेबाची असते.

चूक I₀ मध्ये होती. पेटी काढून घेतलेलं १०० हे वाचन म्हणजे द्रावणात शिरणारा प्रकाश नव्हे. पेटीला काचेच्या भिंती आहेत. हवेतून काचेत जाताना सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, पलीकडे काचेतून हवेत येताना पुन्हा तेवढाच. काच आणि द्रावण यांच्यामध्ये फारच थोडा. असा आठ-नऊ टक्के प्रकाश पेटीच्या भिंतींनीच घालवला होता, आणि मी तो द्रावणाच्या खात्यावर टाकत होतो. १ सेंटिमीटरच्या पेटीत हा भार एका सेंटिमीटरवर पडला, ५ च्या पेटीत पाचांत वाटला गेला. म्हणून उत्तरं उतरत होती.

उपाय बुगे यांचाच. १०० विसरा. फक्त पेट्या एकमेकींशी ताडून पाहा. पाचही पेट्यांच्या भिंती सारख्या, म्हणून त्यांचं नुकसान भागाकारात कटतं. ६७ ला ५०, ५० ला ३७, ३७ ला २७, २७ ला २० : प्रत्येक वेळी गुणोत्तर ०.७३ ते ०.७५ च्या दरम्यान. सारखा हिस्सा, जसा बुगे यांनी सांगितला तसा. कागदावर करायचं तर वाचनांचे लॉगॅरिदम घ्या : ४.२०, ३.९१, ३.६१, ३.३०, ३.००. आडव्या अक्षावर जाडी, उभ्या अक्षावर हे आकडे. बिंदू सरळ रेषेत बसतात आणि रेषा दर सेंटिमीटरला ०.३० ने उतरते. हा उतार म्हणजेच शोषण गुणांक, दर सेंटिमीटरला ०.३०. माझं ०.३५ चुकलं होतं. आणि गंमत बघा, ही रेषा मागे शून्य जाडीपर्यंत नेली तर ती ४.५० ला येते, म्हणजे तीव्रता ९०. शंभर आणि नव्वद यांतला फरक म्हणजे भिंतींनी घालवलेला प्रकाश. तो वेगळा मोजावा लागला नाही, रेषेनेच सांगितला.

ही युक्ती कुठे चालत नाही तेही सांगतो. कॅपुचिन साधूंसारखे काचेचे तुकडे एकामागे एक रचले, तर प्रत्येक तुकड्याबरोबर दोन नवे पृष्ठभाग येतात. जाडी वाढते तसं परावर्तनही वाढतं, आणि मग भागाकारात ते कटत नाही. दहा तुकड्यांच्या चळतीत काच मुळीच प्रकाश शोषत नसली तरी निम्म्याच्या आसपास प्रकाश परतून जाईल. अशा आलेखावरून काढलेला गुणांक काचेचा नसून चळतीचा असतो.

दुसरी फसवणूक जास्त लबाड आहे. समजा खोलीत कुठून तरी उजेड येतोय आणि काट्यावर कायम ५ भाग जास्त दाखवतोय. मग माझी वाचनं झाली असती ७२, ५५, ४२, ३२, २५. यांचेही लॉगॅरिदम जवळजवळ सरळ रेषेत बसतात. डोळ्याला शंका येणार नाही. पण उतार मिळतो ०.२६. रेषा सरळ आहे एवढ्यावर विसंबू नये ते यासाठी. दिवा झाकून काटा शून्यावर येतो का, हे आधी पाहायचं. न आल्यास जितका राहिला तितका प्रत्येक वाचनातून वजा करायचा, आणि लॉगॅरिदम त्यानंतर घ्यायचा.

आता दुसऱ्या गृहीतकाकडे, प्रकाशाची जात बदलत नाही याकडे. लाल काच काढून पांढरा प्रकाश सोडला असता तर? मोरचूद लाल खातं आणि निळा सोडतं. पहिल्या थरातून बाहेर येणारा प्रकाश नुसता कमी झालेला नाही, निळसरही झालेला आहे. दुसऱ्या थराला खाण्यासारखं कमी उरलं. सोपं उदाहरण घ्या : अर्धा प्रकाश असा की त्याचा गुणांक ०.६०, उरलेला अर्धा असा की तो मुळीच शोषला जात नाही. शंभरातून १ सेंटिमीटरनंतर ७७ उरतात, दोननंतर ६५, तीननंतर ५८. हिस्से ०.७७, ०.८४, ०.८९. प्रत्येक पुढचा थर जास्त पारदर्शक भासतो, आणि लॉगॅरिदमची रेषा वरच्या बाजूला वाकते. थर तेच आहेत, प्रकाश बदललाय. खोलीतला उजेडही रेषा याच बाजूला वाकवतो, पण तो दिवा झाकून ओळखता येतो. हे वाकणं दिवा झाकून जात नाही, गाळणीची काच लावल्यावर जातं. बुगे यांच्या वाक्यात सांगायचं तर दुसऱ्या थराला पहिला थर ठाऊक नसतो, हे खरं. पण प्रकाशावर पहिल्या थराची खूण उरते.

याची किंमत पुढे खगोलशास्त्राला मोजावी लागली. सूर्याचा हवेबाहेरचा प्रकाश आणि उष्णता काढायला बुगे यांचीच रीत वापरत, सगळे रंग एकत्र धरून. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांनी दाखवलं की असं केलं तर हवेतलं शोषण नेहमी कमीच निघतं, कधीच जास्त नाही. कारण आपण जमिनीवर ज्या दोन जाडींची तुलना करतो, त्या दोन्हींच्या आधीच सर्वांत शोषले जाणारे रंग बरेचसे निघून गेलेले असतात. १८८१ साली ते कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर गेले ते प्रत्येक रंगाचं, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या उष्ण किरणांचंही, शोषण वेगवेगळं मोजायला. मग बुगे यांचं ०.८१? ते डोळ्याने मोजलेलं आहे, म्हणजे डोळा ज्या रंगांना जास्त जागा देतो त्या पिवळ्या-हिरव्या पट्ट्याचं. तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे. आणखी एक बारीक गोष्ट : हवेत प्रकाश नुसता शोषला जात नाही, विखुरलाही जातो. सरळ किरणातून गेला तो गेला, एवढंच या मापाला कळतं. कुठे गेला ते कळत नाही.

शेवटी नावांबद्दल, कारण प्रश्न येणार. पुस्तकांत या नियमाला लॅम्बर्ट किंवा बीअर यांचं नाव असतं. योहान लॅम्बर्ट हा शिंप्याचा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला. त्याचा 'फोटोमेट्रिया' हा ग्रंथ १७६० साली आला, बुगे यांच्या पुस्तकानंतर एकतीस वर्षांनी. त्यात तो बुगे यांचा उल्लेख मोकळेपणाने करतो. त्याने नियमाला स्वच्छ गणिती रूप दिलं, हे श्रेय त्याचंच. ऑगस्ट बीअर यांनी १८५२ साली रंगीत द्रवांत लाल प्रकाश किती शोषला जातो ते मोजलं, म्हणजे जवळजवळ माझ्या मोरचुदाचाच प्रयोग, आणि जाडीबरोबर द्रावण किती दाट आहे हेही हिशेबात आणलं. तो भाग बुगे यांचा नाही. पण थरांचा युक्तिवाद आणि दोन जाडींची तुलना, या दोन्ही गोष्टी क्रोझिकच्या त्या तरुण प्राध्यापकाच्या आहेत.

१७३५ साली बुगे पृथ्वीचा आकार मोजणाऱ्या मोहिमेबरोबर पेरूला, म्हणजे आजच्या इक्वेडोरला, गेले आणि तिथे त्यांची बरीच वर्षं गेली. परत आल्यावर त्यांनी प्रकाशाचं पुस्तक नव्याने, पुष्कळ वाढवून लिहायला घेतलं. १७५८ मध्ये ते वारले. ते मोठं पुस्तक त्यांचे मित्र लाकाय यांनी छापून काढलं तेही १७६० सालीच, लॅम्बर्टचं आलं त्याच वर्षी.